हलवल्यावरच चालणारा पेन ड्राइव्ह: टाका कुठे सुटतो आणि पुन्हा कधी मारावा

प्रश्न: माझा ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला की काहीच होत नाही. बोटाने जरा वर दाबून धरला की लाइट लागतो, फोल्डर दिसतात. बोट काढलं की सगळं गायब. आत बाबांच्या भजनी मंडळाची सहा-सात वर्षांची रेकॉर्डिंग आहेत, दुसरी कॉपी नाही. दाबून धरून थोड्या थोड्या फाइली काढतोय. मोबाइल दुरुस्तीवाला म्हणतो, कनेक्टर बदलून देतो, २०० रुपये. करून घेऊ का?

उत्तर:

आधी ते दाबून धरून फाइली काढणं आजच बंद करा. दुरुस्तीचं बोलू, पण हे पहिलं.

पेन ड्राइव्हमध्ये दोन मुख्य गोष्टी असतात. एक फ्लॅश चिप, जिच्यात तुमची रेकॉर्डिंग आहेत. दुसरा कंट्रोलर, जो कुठली फाइल चिपच्या कुठल्या कप्प्यात आहे याचा हिशेब ठेवतो. हा हिशेबाचा तक्ताही चिपमध्येच लिहिलेला असतो आणि कंट्रोलर तो अधूनमधून नव्याने लिहीत राहतो. तुम्ही फक्त कॉपी करत असलात तरी त्याची आतली आवराआवर चालू असू शकते. बोट जरा सरकलं की पाच व्होल्टचा पुरवठा तुटतो, आणि तोही एकदाच नाही, सैल जोडणीत सेकंदाला कित्येकदा तुटतो आणि जोडला जातो. तक्ता लिहिला जात असताना असं झालं, तर ड्राइव्ह पुढच्या वेळी शून्य बाइटचा दिसतो किंवा विंडोज म्हणतं `Please insert a disk into drive E:`. त्या अवस्थेत सोल्डरचा कितीही छान टाका मारला तरी उपयोग नाही. आज तुमचा बिघाड यांत्रिक आहे, म्हणजे जवळजवळ सगळ्यात बरा. तो तसाच राहू द्या.

शिवाय प्रत्येक वेळी दाबताना, कनेक्टर ज्याला सोल्डर केलेला असतो तो बोर्डावरचा तांब्याचा पॅड आणखी थोडा उखडतो. नुसता भेगाळलेला टाका दोन सेकंदांत बरा होतो. उखडलेल्या पॅडला जंपर, म्हणजे वरून जोडलेली वेगळी तार, लागतो. आठवडाभर दाबून दाबून वापरलेले ड्राइव्ह माझ्याकडे येतात, त्यात दुसऱ्या प्रकारचेच जास्त असतात.

हे होतं कसं ते बघा. प्लगचा भाग पोर्टमध्ये साधारण १२ मिलिमीटर शिरतो आणि मागे चार-पाच सेंटीमीटरचं धड लोंबत राहतं. ही तरफ झाली. टोकाला खुर्चीचा पाय, गुडघा किंवा चालताना लॅपटॉपच्या बॅगेचा कोपरा लागला की हिसका थेट प्लग आणि बोर्ड जिथे जोडलेत तिथे बसतो. तो झेलण्यासाठी धातूच्या कवचाला पाय दिलेले असतात आणि ते बोर्डाला सोल्डर केलेले असतात. वीज आणि माहिती नेणारे चार संपर्क मात्र बोर्डाच्या पृष्ठभागावरच्या चिमुकल्या पॅडांवर चिकटवलेले. स्वस्त ड्राइव्हमध्ये कवचाच्या पायांना सोल्डर जेमतेम दाखवलेलं असतं. आधी हे पाय सुटतात, तेव्हा काहीच कळत नाही, ड्राइव्ह व्यवस्थित चालतो. मग सगळा भार त्या चार नाजूक टाक्यांवर येतो आणि त्यातला एखादा तडकतो. तुम्हाला बिघाड आज कळला, पण सुरुवात बहुधा काही महिन्यांपूर्वीच झाली असेल.

आता दोष ड्राइव्हचाच आहे का, हे तपासा. त्याच पोर्टला दुसरा एखादा फालतू पेन ड्राइव्ह लावा आणि तो हलवून बघा. तोही तुटत असेल तर लॅपटॉपच्या पोर्टातले स्प्रिंगसारखे संपर्क ढिले झालेत, आणि तुमचा ड्राइव्ह कदाचित ठणठणीत आहे. दुसरा ड्राइव्ह घट्ट चालत असेल तर तुमचा डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला एकदाच, न दाबता, लावून बघा. प्लगमधल्या सोनेरी पट्ट्या काळपट दिसत असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून, पूर्ण वाळवून मगच लावा. किनाऱ्याकडच्या दमट हवेत राहिलेल्या ड्राइव्हचा त्रास कधी कधी एवढ्यानेही संपतो.

एक प्रकार इथे वेगळा काढायला हवा. नखाएवढे बारीक ड्राइव्ह असतात, ज्यांच्या प्लगला धातूचं चौकोनी कवच नसतं, नुसती काळी सपाट वडी आणि तिच्यावर चार सोनेरी पट्ट्या. त्यात चिप, कंट्रोलर, बोर्ड सगळं एकाच काळ्या साच्यात ओतलेलं असतं. सोल्डर करायला कनेक्टरच नाही. हे ड्राइव्ह पोर्टमध्ये मुळातच सैल बसतात, म्हणून हलवावे लागतात. पट्ट्यांच्या उलट्या बाजूला कागदी पट्टीचा एखादा थर टेपने चिकटवून जाडी वाढवली की बऱ्याचदा घट्ट बसतात. फार जाड करू नका, नाहीतर पोर्टातली जीभ मोडेल. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून तुमचा नेहमीचा कवचवाला असावा असं धरून पुढे सांगतो.

मल्टिमीटर असेल तर ड्राइव्ह न उघडता आणि कॉम्प्युटरला न लावता बरंच कळतं. प्लगमध्ये डोकावलात तर चार पट्ट्या दिसतील. बाहेरच्या दोन जरा पुढपर्यंत आलेल्या असतात, त्या वीज आणि ग्राउंड. आतल्या दोन किंचित आखूड असतात, त्या माहितीच्या: डी मायनस आणि डी प्लस. लांबी मुद्दाम कमीजास्त ठेवलेली आहे, म्हणजे लावताना आधी वीज पोचावी आणि नंतर माहिती. बाहेरच्या दोनपैकी ग्राउंड कुठली, ते बहुतेक ड्राइव्हमध्ये मीटर बीपच्या खुणेवर ठेवून, एक टोक कवचाला आणि दुसरं आळीपाळीने या दोन पट्ट्यांना लावून कळतं. जी बीप देते ती ग्राउंड. दोन्हींपैकी एकही बीप देत नसेल तर कवचाचे पाय सुटलेत असं समजायला हरकत नाही, तो स्वतःच एक पुरावा आहे. दोन्ही बीप देत असतील तर वीज आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट आहे. तसा ड्राइव्ह लॅपटॉपला लावायचाच नाही.

मग मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. लाल टोक ग्राउंडवर, काळं टोक आधी एका माहितीच्या पट्टीवर, मग दुसऱ्या. धडधाकट ड्राइव्हमध्ये दोन्ही आकडे ०.४ ते ०.७ च्या दरम्यान आणि एकमेकांच्या अगदी जवळ येतात. नेमका आकडा महत्त्वाचा नाही, जोडी जुळते का ते बघायचं. एक ०.५८ आणि दुसऱ्यावर `OL`, म्हणजे ती वाट तुटलेली. टोकं तशीच धरून धड अगदी हलक्या हाताने वर झुकवा. `OL` जाऊन ०.५८ आलं की बिघाडाची जागा सापडली. हे करताना वीज नाही, त्यामुळे तक्त्याला धोका नाही. दोन माणसं लागतात, एक टोकं धरायला आणि एक झुकवायला. माझ्याकडे हे काम बायको करते, आणि मी जास्त झुकवला की ती ओरडते.

मीटर नसेल तर लक्षणांवरूनही अंदाज येतो. पेन ड्राइव्ह आपण आलोय हे डी प्लसच्या तारेला आतून एका रेझिस्टरने वर ओढून कळवतो. डी प्लस तुटली तर कॉम्प्युटरला कोणी आलंय हेच समजत नाही. लाइट लागला तरी आवाज नाही, संदेश नाही. डी प्लस शाबूत आणि डी मायनस तुटलेली असेल तर कॉम्प्युटरला चाहूल लागते पण संवाद जमत नाही. मग विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये `Unknown USB Device (Device Descriptor Request Failed)` दिसतं. लाइटही लागत नसेल तर बहुधा वीज किंवा ग्राउंडची वाट तुटलेली. आणि जो ड्राइव्ह कसाही झुकवला तरी फरक पडत नाही, एकदाच पडला आणि मेला, त्यात बहुतेकदा कनेक्टरचा दोष नसतो. कंट्रोलरला ताल देणारा आतला क्रिस्टल किंवा चिपचा टाका गेलेला असतो. तो वेगळा आजार.

मागच्या पावसाळ्यात एक लग्नाचे फोटो काढणारे गृहस्थ ३२ जीबीचाच ड्राइव्ह घेऊन आले. कॉम्प्युटरचा टॉवर जमिनीवर, ड्राइव्ह समोरच्या पोर्टला, आणि चाकांची खुर्ची मागे सरकली. आत एका लग्नाचा जुळवलेला अल्बम होता, गिऱ्हाइकाला द्यायचा राहिलेला. त्यांनीही दोन दिवस दाबून बघितलं होतं. मीटरवर एक पट्टी ०.६१, दुसरी `OL`, आणि धड झुकवलं तरी `OL`च. म्हणजे नुसती भेग नव्हती. प्लास्टिकचं कवच शिवणीतून पातळ पात्याने उघडलं. आतल्या धातूच्या कवचाच्या दोन्ही पायांभोवती टाक्यात गोल भेग होती, भिंगातून अंगठीसारखी दिसत होती. आणि डी प्लसचा संपर्क आपल्या पॅडसकट वर उचललेला, तांब्याचा ट्रॅक दोन मिलिमीटरवर फाटलेला.

इथे बहुतेक जण नवा कनेक्टर बसवायला बघतात. मी तसं केलं नाही, तुमच्यासाठीही करू नये असं माझं मत आहे. नवा कनेक्टर बसवायचा म्हणजे जुना काढायचा. कवचाचे पाय उष्णता शोषून घेतात, म्हणून बोर्डावर खूप वेळ गरम हवा मारावी लागते. शेजारीच फ्लॅश चिप. बारीक कपॅसिटर किंवा क्रिस्टल जागचा सरकला, किंवा उरलेले तीन धडके पॅडही निघून आले, की साधं काम अवघड होतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी असाच एक ड्राइव्ह घालवलाय, तीन चांगले पॅड उचलून. तो दोष यंत्राचा नव्हता, माझा होता.

त्याऐवजी जुन्या यूएसबी केबलचं एक टोक कापून चार तारा बोर्डाला जोडल्या. तार मऊ असते, ती टाक्यावर तरफ लावत नाही. नियमाप्रमाणे लाल वीज, पांढरी डी मायनस, हिरवी डी प्लस, काळी ग्राउंड. पण स्वस्त केबलमध्ये रंग बदललेले सापडतात, म्हणून कापलेल्या टोकापासून प्लगच्या पट्टीपर्यंत प्रत्येक तार मीटरने मोजूनच घ्यायची. हिरवी-पांढरी उलटली तर ड्राइव्ह नुसता ओळखला जाणार नाही, परत बदलता येईल. लाल-काळी उलटली तर कंट्रोलर जळू शकतो, आणि मग परत काही नाही.

जुना कनेक्टर मी काढलाच नाही, तो हलू नये म्हणून पायांना नवं सोल्डर देऊन घट्ट केला आणि तारा त्याच्या मागच्या टाक्यांवरच जोडल्या. फाटलेल्या डी प्लसला मात्र तिथे जोडून उपयोग नव्हता. तिचा ट्रॅक पुढे कंट्रोलरकडे जाताना एका बारीक रेझिस्टरवर थांबत होता. त्याच्या अलीकडच्या टोकावर हिरवी तार आणली. थेट जाड तार तिथे लावली तर जरासा ओढा लागून रेझिस्टर उपटतो, म्हणून मधे केसासारखी वाइंडिंग वायर घेतली, टोकावरचं इनॅमल खरवडून, आणि दीड सेंटीमीटरच्या आत ठेवली. ही लांबी महत्त्वाची. यूएसबी २.० ची माहिती ४८० मेगाबिट प्रति सेकंदाने धावते; माहितीच्या दोन तारा लांब आणि एकमेकींपासून दूर पसरलेल्या असतील तर ड्राइव्ह ओळखला जातो पण कॉपी मधेच अडकते.

टाक्याबद्दल दोन गोष्टी. कारखान्यातलं सोल्डर बहुधा बिनशिशाचं असतं, ते सुमारे २१७ अंशांना वितळतं. आपलं नेहमीचं ६३/३७ वालं १८३ ला. म्हणून भेगाळलेल्या टाक्यावर नुसती सोल्डरिंगची इस्त्री टेकवू नका. आधी फ्लक्स, मग थोडं नवं सोल्डर. दोन्ही मिसळून प्रवाही झालं की टाका चकचकीत बसतो. मी बारीक टाक्यांना इस्त्री ३३० च्या आसपास ठेवतो आणि दोन-तीन सेकंदांत बाजूला होतो. नाही जमलं तर थंड होऊ देतो, रेटत नाही. कवचाच्या पायांना मोठी टिप आणि जास्त वेळ लागतो, कारण सगळं धातूचं कवच उष्णता खेचतं. तिथे सोल्डर गोळ्यासारखं बसलं आणि पसरलं नाही, तर तो ड्राय सोल्डर. आज धरेल, पंधरा दिवसांत सुटेल.

जोडणी झाल्यावर पुन्हा तीच मोजणी केली: वीज-ग्राउंड शॉर्ट नाही, दोन्ही माहितीच्या वाटा ०.६१ आणि ०.६०. मगच लावला. केबल आणि बोर्ड दोन्ही टेबलाला टेपने चिकटवले, कारण या वेळी हलायला नकोच होतं. विंडोजला न लावता लिनक्सवर लावला. विंडोज अशा ड्राइव्हवर आपणहून काही ना काही लिहायला जातं, शिवाय `You need to format the disk` असा प्रश्न आला की माणूस घाबरून बटण दाबतो. आधी `lsblk` ने ड्राइव्हचं नाव आणि आकार पक्का केला (३२ जीबीचा ड्राइव्ह तिथे २९.८ च्या आसपास दिसतो), मग फाइल फाइल न काढता अख्ख्या ड्राइव्हची प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलमध्ये हुबेहूब नक्कल, घेतली:

```
sudo ddrescue -d -n /dev/sdX pen.img pen.map
```

`sdX` च्या जागी तुमच्या ड्राइव्हचं नाव. `pen.map` मध्ये कुठवर वाचलं याची नोंद राहते, म्हणून मधे तुटलं तरी तीच आज्ञा पुन्हा दिली की पुढून सुरू होतं. सेकंदाला १८ मेगाबाइटच्या वेगाने साधारण अर्ध्या तासात काम झालं. अल्बम त्या प्रतिमेतून काढला. ड्राइव्हवर चेकडिस्क वगैरे काहीही चालवलं नाही.

तुमच्या २०० रुपयांच्या प्रश्नाकडे येतो. दुरुस्तीवाल्याला ड्राइव्ह द्यायच्या आधी विचारा: उघडल्यावर आधी काय बघणार, आणि कनेक्टर काढणार की आहे तोच पक्का करणार? जो भिंगाखाली बघून 'नुसती भेग असेल तर टाका मारतो, पॅड गेला असेल तर तार जोडतो' म्हणेल त्याला द्या, ३०० मागितले तरी. आणि त्याला सांगा की चालू करून बघू नको, किंवा बघायचंच तर माझ्यासमोर. 'चालतोय का' हे बघायला त्याच्या व्हायरसभरल्या विंडोजला लावलेला ड्राइव्ह हा माझ्या अनुभवात टाक्याइतकाच मोठा धोका आहे.

काही अवस्थांमध्ये मात्र दुकानातली इस्त्री लावायचीच नाही, थेट डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडे जायचं. बोर्डच तडकलाय आणि तडा कंट्रोलरखाली जातोय. ड्राइव्ह लावताच कंट्रोलर चटका बसण्याइतका तापतो. काळ्या वडीचा आहे आणि वडीलाच चीर गेलीय. किंवा ओळखला जातो पण शून्य बाइटचा दिसतो. आधी दोन ठिकाणी सोल्डर लागलेला ड्राइव्ह त्यांच्याकडे गेला तर काम वाढतं आणि खर्चही. यूएसबी ३ चे नऊ संपर्कांचे ड्राइव्ह यात थोडे बरे असतात: वेगवान वाटेचे पाच संपर्क गेले तरी जुने चार शाबूत असतील तर हळू का होईना, यूएसबी २.० वर माहिती बाहेर येते. तिथे मी जलद वाटा दुरुस्त करायच्या भानगडीत पडतच नाही.

तुमच्या वर्णनावरून, म्हणजे वर झुकवल्यावर अख्खा ड्राइव्ह परत जिवंत होतो यावरून, बहुधा टाका भेगाळलाय, पॅड अजून जागेवर आहे. म्हणजे कवचाचे पाय आणि चार टाके नव्याने वितळवले तरी पुरेल, केबलचीही गरज पडणार नाही. मात्र आतापर्यंत काढलेल्या फाइलींवर विसंबू नका. प्रत्येक रेकॉर्डिंग शेवटपर्यंत वाजवून बघा, कारण मधेच तुटलेली कॉपी कधी कधी पूर्ण आकाराची दिसते आणि शेवटची दहा मिनिटं मुकी असतात. सगळं नीट निघालं की हा ड्राइव्ह पुन्हा रेकॉर्डिंगला वापरू नका. चारपाचशे रुपयांत नवा येतो. दुरुस्त केलेला मी गाडीतल्या गाण्यांना ठेवतो, तोही छोट्या एक्स्टेन्शन केबलवर, म्हणजे गुडघा लागला तर केबल वाकेल.